सोयाबीनची पिशवी कोणत्या तारखेला परत करायची?

«मी कृषी पदवीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि कार्यानुभवासाठी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात राहते. जून संपत आला, तरी पेरणीजोगा पाऊस झालेला नाही. जिल्ह्याच्या आपत्कालीन पीक आराखड्यातले दोन, चार, सहा आणि आठ आठवडे उशिराचे रकाने मला पाठ आहेत. पण ज्यांच्या रानात मी जाते, त्या काकांनी विचारले, ‘पोरी, सोयाबीनची पिशवी दुकानात माघारी कवा द्यायची, ते तारखंनं सांग की.’ त्यांचे रान चार एकर आहे : एक एकर नदीकाठची काळी, दोन एकर मध्यम आणि एक एकर माळ. मला तारीख सांगता आली नाही. ती कशी काढतात?»
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

काकांना एक तारीख देऊन भागणार नाही. त्यांच्या रानाचे तीन प्रकार आहेत, म्हणून तारखाही तीन निघतील, आणि सोयाबीनचा वाण बदलला की त्या पुन्हा बदलतील. आराखड्याच्या रकान्यांत त्या सापडणार नाहीत, कारण ते रकाने उशीर पुढून मोजतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे आपण ज्याला ‘क्रिडा’ म्हणतो त्या संस्थेने, कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने हे जिल्हावार आराखडे तयार केले. नेहमीच्या पावसापेक्षा किती आठवडे उलटले, यावरून जिल्ह्यात बियाण्याची तजवीक काय करायची हे ठरवायला ते उत्तम आहेत. एका बांधाच्या आतल्या निर्णयासाठी मात्र हंगाम मागून, म्हणजे शेवटाकडून मोजावा लागतो. या रानातले पाणी कोणत्या तारखेला संपेल आणि या पिकाला शेवटचे पाणी कितव्या दिवशी लागते, या दोन गोष्टी कळल्या की उरते ती वजाबाकी. ती आपण काकांच्याच रानावर करून पाहू.

पहिली गोष्ट पावसाच्या शेवटाची. दक्षिण महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, परंतु ती तारीख हिशेबात धरू नका. माघार जाहीर होण्याच्या कितीतरी आधी पाऊस भरवशाचा राहिलेला नसतो. त्या गावाच्या महसूल मंडळाच्या, किंवा जवळच्या ज्या पर्जन्यमापकाची जुनी नोंद मिळेल त्याच्या, शक्यतो ३० वर्षांच्या आठवडावार नोंदी घ्या. ज्या आठवड्यात निम्म्याहून अधिक वर्षी किमान २० मिमी पाऊस झाला आहे, असा हंगामातला शेवटचा आठवडा शोधा आणि त्या आठवड्याची अखेर हीच भरवशाच्या पावसाची शेवटची तारीख माना. अलीकडच्या वर्षांच्या मंडळनिहाय नोंदी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पाहता येतात. इथे उदाहरणापुरते आपण ३९ वा हवामान आठवडा, म्हणजे ३० सप्टेंबर, धरून चालू. तुमच्या मंडळाची तारीख वेगळी निघाली, तर पुढच्या सगळ्या तारखा तितक्याच दिवसांनी पुढेमागे सरकवायच्या. कोल्हापूर जिल्ह्यात ही दक्षता फार महत्त्वाची आहे, कारण गगनबावड्याला जेवढा पाऊस पडतो त्याचा लहानसा हिस्साच शिरोळला मिळतो, आणि ‘कोल्हापूरचा पाऊस’ म्हणून एकच आकडा घेतला की तो कुणाच्याच रानाला लागू पडत नाही.

पाऊस थांबला म्हणजे पाणी संपले असे नाही. त्यानंतर पीक जमिनीच्या पोटातल्या ओलीवर जगते, आणि तिन्ही तुकड्यांचे पोट वेगळे आहे. काळ्या भारी जमिनीत एक मीटर खोलीला पिकाला घेता येईल असे सुमारे १८० मिमी पाणी मावते. काकांची काळी ९० सेंमी खोल असेल, तर साठा सुमारे १६० मिमी होतो. त्यातले निम्मे पाणी पीक सहज घेते आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्याला ओढाताण करावी लागते, म्हणून हिशेबात ८० मिमीच धरावे. सप्टेंबरअखेरीच्या उन्हात भरल्या पानांचे सोयाबीन रोज साधारण ४ मिमी पाणी उडवते. म्हणजे काळ्या रानात शेवटच्या पावसानंतर २० दिवसांची सोय आहे. मध्यम जमीन ४५ सेंमी खोल आणि मीटरला १५० मिमी पाणी धरणारी असेल, तर याच रीतीने ८ दिवस निघतात. माळावर ३० सेंमीखाली मुरूम लागतो आणि मीटरला १२० मिमीच्या वर साठा नसतो. तिथे जेमतेम ४ दिवस. म्हणून पाण्याची अखेर माळावर ४ ऑक्टोबर, मध्यम रानात ८ ऑक्टोबर आणि काळीत २० ऑक्टोबर अशी येते. हे खोलीचे आकडे मी अंदाजाने घेतले आहेत. तुम्ही मात्र प्रत्येक तुकड्यात पहारीने एक खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते टेपने मोजा. त्या अर्ध्या तासाच्या श्रमावर सगळा हिशेब उभा आहे.

दुसरी गोष्ट पिकाची. वाणाचा कालावधी ९५ दिवसांचा असला, म्हणजे ९५ व्या दिवसापर्यंत पाणी लागते असे नव्हे. दाणा पूर्ण भरल्यावर पाने पिवळी पडून गळू लागतात आणि शेवटचे १२ दिवस झाड नुसते वाळत असते, तेव्हा पाणी नसलेलेच बरे. जे.एस. ३३५ सारख्या सुमारे ९५ दिवसांच्या वाणाला शेवटचे पाणी ८३ व्या दिवशी लागते. फुले संगम, म्हणजे के.डी.एस. ७२६, सुमारे १०५ दिवसांचा धरला तर त्याला ९३ व्या दिवशी.

आता वजाबाकी करा. माळाच्या ४ ऑक्टोबरमधून ८३ दिवस मागे गेले की १३ जुलै येते, आणि ९३ दिवस मागे गेले की ३ जुलै. मध्यम रानासाठी ९५ दिवसांच्या वाणाला १७ जुलै आणि फुले संगमला ७ जुलै. काळीसाठी अनुक्रमे २९ जुलै आणि १९ जुलै. म्हणजे काकांच्या घरात फुले संगमची पिशवी असेल, तर माळापुरता तिचा निकाल ३ जुलैलाच लागतो. पण त्या दिवशी ती परत करायची नसते, लवकर येणाऱ्या वाणाशी बदलून घ्यायची असते. परत करण्याची वेळ त्यानंतर दहा दिवसांनी येते. ‘चार आठवडे उशीर : सोयाबीनऐवजी दुसरे पीक’ असे एका ओळीत वाचले की हा मधला पर्याय नजरेतून निसटतो, आणि काकांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो तो त्यासाठीच.

या तारखा पाण्याच्या हिशेबाने निघालेल्या शेवटच्या मर्यादा आहेत. तिथपर्यंत खुशाल थांबावे असा त्यांचा अर्थ नाही, आणि काळीच्या २९ जुलैवर तर मी मुळीच विसंबणार नाही. सोयाबीन हे लहान दिवसांचे पीक आहे. फुलायचे केव्हा हे ते पुष्कळसे रात्रीच्या लांबीवरून ठरवते. २१ जूननंतर दिवस लहान होत जातो, म्हणून जुलैच्या उत्तरार्धात पेरलेल्या झाडाला अंगाने वाढण्याआधीच फुलण्याचा इशारा मिळतो. झाड बुटके राहते, पेरे कमी पडतात आणि शेंगा पेऱ्यांवरच लागत असल्यामुळे शेंगाही कमी लागतात. असे पीक काही दिवस लवकर पिकते खरे, त्यामुळे पाण्याचा हिशेब थोडा सैल पडतो, पण ती सवलत झाडाच्या अंगातून कापून मिळालेली असते. रानात जाऊन ओळखायचे असेल, तर पहिले फूल दिसेल त्या दिवशी मुख्य खोडावरची पेरी मोजा आणि वेळेवर पेरलेल्या शेजारच्या रानातल्या झाडाशी ताडून पाहा.

दुसरे कारण आपल्याच भागाचे आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा येतो, आणि उशिरा पेरलेल्या पिकात तो नेमका दाणे भरण्याच्या वेळी गाठतो. इथे एक खरी अडचण उभी राहते. तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारा फुले संगम हा वाण उशिरा येणारा, आणि लवकर येणारा जे.एस. ३३५ हा तांबेऱ्याला बळी पडणारा. म्हणजे पाण्यासाठी वाण बदलला की रोगाची बाजू उघडी पडते. माझे मत असे की, मध्यम रानात ७ जुलैपर्यंत ओल मिळाली तर फुले संगमच पेरावा, आणि त्यानंतर १५ जुलैपर्यंत लवकरचा वाण पेरायचा असेल, तर एका फवारणीची तयारी मनात ठेवूनच पेरावा. ऑगस्टच्या अखेरीपासून दर चार दिवसांनी खालची पाने उलटून पाहा. पानाच्या पाठीवर बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसल्या आणि बोटाला भुकटी लागली, की प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिलि या प्रमाणात लगेच फवारायला हवे. पाने पिवळी पडेपर्यंत वाट पाहिली, तर फवारणीचा उपयोग होत नाही. काळ्या रानातही याच दोन कारणांनी मी २० जुलैच्या पुढे सोयाबीन पेरायला सांगणार नाही, मग पोटात पाणी कितीही असो.

तारीख शिल्लक आहे आणि आभाळ भरून आले आहे, अशा वेळी जो मोह होतो, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. उशीर झाला की पहिल्याच सरीवर पेरण्याची घाई होते, आणि उशिराच्या वर्षी दुबार पेरणी होते ती बहुधा या घाईपायी. २०२३ साली मोसमी पाऊस तळकोकणात ११ जूनला दाखल झाल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर तो जवळपास दोन आठवडे तिथेच अडून राहिला. ‘पाऊस महाराष्ट्रात आला’ ही बातमी ऐकून ज्यांनी कुरी जुंपली, त्यांचे बियाणे कोरड्या मातीत पडले. पेरणीसाठी ७५ ते १०० मिमी पाऊस व्हावा असे कृषी विभाग सांगतो, त्यामागचे कारण साधे आहे. उन्हाळ्यात तापलेल्या भारी जमिनीत २५ मिमी पावसाची ओल १० ते १५ सेंमीच्या खाली जात नाही. बी ४ सेंमीवर पडते, फुगते, मोड काढते आणि त्याचे मूळ आठवड्याभरात त्या ओलीच्या तळाशी पोचते. पुढे दहा दिवस उघडीप पडली, की मूळ कोरड्या थरावर अडते आणि रोप माना टाकते.

आकड्यापेक्षा हाताने पाहणे बरे. पाऊस उघडल्यावर वाफसा येऊ द्या आणि मग खुरप्याने वीतभर, म्हणजे २० सेंमीपर्यंत, माती उकरा. तळाची माती मुठीत दाबली असता गोळा झाला पाहिजे आणि तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. गोळा झालाच नाही, तर ओल पुरेशी नाही. गोळा न फुटता चिकटून बसला, तर अजून घात आलेली नाही आणि कुरीची फणे चिखल ओढतील. एका रानात किमान तीन ठिकाणी असे पाहावे, त्यांतली एक जागा उंचवट्यावरची हवी. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मोठी उघडीप दिसत असेल आणि तुमच्या तारखेला अजून अवकाश असेल, तर ओल असूनही पाच-सहा दिवस थांबणे शहाणपणाचे ठरते. तारीख दोन दिवसांवर आली असेल, तर मात्र थांबू नये.

बियाण्याचा हिशेबही उशिरामुळे बदलतो. काकांकडे घरचे बियाणे असेल, तर आजच उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींनी मांडून गोणपाट सैल गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि सातव्या दिवशी निकोप मोड आलेले दाणे मोजा. समजा ६२ निघाले. एकरी ३० किलो बियाणे ७० टक्के उगवणीसाठी असते, म्हणून ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे सुमारे ३४ किलो लागतील. त्यावर उशिराची भर घालायची. झाड बुटके राहणार असल्यामुळे ४५ सेंमीऐवजी ३० सेंमीच्या ओळी घेऊन झाडांची संख्या वाढवावी लागते आणि त्यासाठी बियाणे साधारण २० टक्के अधिक धरावे. ते ४१ किलो होते. माझ्या पाहण्यातली नेहमीची चूक अशी की, मुले ही वाढ रकान्यातून उचलतात आणि उगवण तपासतच नाहीत. तपासणीशिवाय २० टक्के वाढवले असते तर ३६ किलो पेरले गेले असते, आणि ६२ टक्के उगवणीच्या बियाण्याला ते ३० सेंमीच्या ओळींत विरळच पडले असते.

बीजप्रक्रियेबाबत एक बारीक गोष्ट सांगायची आहे. थायरम किंवा दुसरे बुरशीनाशक लावलेले बियाणे ना खाता येते ना तेलाला देता येते, आणि ज्या पिशवीचे टाके उसवले ती दुकानदार परत घेत नाही. म्हणून घरच्या बियाण्याला बुरशीनाशक आदल्या दिवशी आणि जिवाणू संवर्धक पेरणीच्या सकाळी, ओल पाहून झाल्यावरच लावावे. विकतच्या पिशवीचे टाके तोपर्यंत शाबूत ठेवावेत, पावती जपावी आणि दुकानदार कोणत्या तारखेपर्यंत परत घेईल हे काकांनी आजच विचारून घ्यावे. ती तारीख आपल्या तारखेच्या आधीची निघाली, तर जास्तीच्या पिशव्यांचा निर्णय तिच्याच हिशेबाने करावा लागेल.

आता सोयाबीन गेले तर काय पेरायचे, हेही तुकड्यांप्रमाणे पाहू. माळावर सर्वांत सरळ पीक बाजरी. ७५ ते ८० दिवसांच्या संकरित वाणाला शेवटचे पाणी साधारण ६५ व्या दिवशी लागते, म्हणून ४ ऑक्टोबरवरून मागे मोजले की ३१ जुलै येते. मात्र जुलैअखेर पेरलेली बाजरी सप्टेंबरच्या मध्याला फुलावर येते, आणि त्या वेळी झड लागली की कणसात अरगट शिरतो. कणसातून मधासारखा चिकट थेंब गळताना दिसला तर तो अरगटच. म्हणून बाजरी २० जुलैच्या आत पेरली जाईल तर बरे. त्यापुढे माळाला हुलगा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तो पेरता येतो, थोड्या ओलीवर तग धरतो आणि जनावरांना भुसाही मिळतो. माळावर तूर सुचवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तुरीचे मूळ खोल जाते हे खरे, पण ३० सेंमीवर मुरूम असेल तर त्या मुळाने जायचे कुठे?

मध्यम रानासाठी पुस्तकात सूर्यफूल सापडेल, आणि तत्त्वतः ते योग्य आहे, कारण दिवसाच्या लांबीशी त्याला फारसे देणेघेणे नाही. ८५ ते ९० दिवसांच्या वाणाला ७५ व्या दिवसापर्यंत पाणी धरले, तर २५ जुलैपर्यंत पेरता येते. अडचण निराळीच आहे. आपल्या भागात सूर्यफुलाचा पेरा घटला आहे, म्हणून तालुक्याच्या दुकानात ऐनवेळी बियाणे मिळेलच असे नाही, आणि गावात एकाच शेतकऱ्याचे सूर्यफूल असले की पंचक्रोशीतले पोपट त्याच्याच रानात उतरतात. त्यामुळे आजच दोन-तीन दुकानांत चौकशी करा, आणि काकांच्या शेजारच्या दोघा-तिघांची तयारी असेल तरच ते सुचवा; नाहीतर मध्यम रानातही बाजरीच बरी.

काळ्या एकराबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि तिथे पाण्याच्या टंचाईपेक्षा पाण्याचा लोंढा निर्णायक आहे. पाऊस उशिरा आला म्हणजे तो कमीच पडेल, हे कोल्हापूरला लागू नाही. २०१९ साली मोसमी पाऊस केरळात आठवडाभर उशिरा, ८ जूनला पोचला, देशभर जून तुटीचा गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. उशिराच्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले सोयाबीन त्या सुमारास महिन्याचे, जेमतेम वीत-दीड वीत उंच असते. ते पूर्ण बुडाले की दोन-चार दिवसांच्या पुढे तग धरत नाही, आणि पाणी ओसरल्यावर पानांवर बसलेला गाळ उरलेसुरले रोपही मारतो. म्हणून काकांना २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा विचारा. हा एकर दोन्ही वेळा बुडाला असेल, तर उशिराच्या वर्षी तिथे सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचा पैसा घालू नये. १९ किंवा २० जुलैची तारीख त्या तुकड्याला लागूच होत नाही, आणि त्याची पिशवी आजच परत करता येते.

मग तो एकर रब्बीच्या शाळूसाठी राखावा. पाणी येऊन गेले किंवा येण्याचा धोका टळला, की कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारत ओल जपायची आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मालदांडी पेरायची. १६० मिमी साठ्याच्या जमिनीत ती नुसत्या ओलीवर येते. रान पुराच्या पट्ट्याबाहेर असेल, तर मध्ये ताग घेता येतो. जुलैअखेर एकरी २० ते २५ किलो बी फोकून, ४५ व्या दिवसाच्या सुमारास फुलावर येताना तो गाडायचा, आणि तो कुजायला तीन आठवडे देऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळू पेरायचा. इथेही एक धोका आहे. ताग उभा असतानाही पाणी पितो आणि कुजतानाही त्याला ओल लागते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी ताग गाडला तर तो मातीत अर्धवट वाळून राहतो आणि शाळूची उगवण विरळ होते. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा वीतभर खड्डा घेऊन पाहा. तळाला मुठीत गोळा होत नसेल, तर ताग लगेच कापून जनावरांना द्यावा किंवा वरच पसरून टाकावा, गाडू नये.

तुमचे वर्गमित्र आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी किंवा गगनबावड्याकडे असतील, तर वरच्या तारखा त्यांच्या कामाच्या नाहीत. तिकडे उशिराचा प्रश्न भाताच्या धूळवाफेचा आहे. कोरड्या मातीत पडलेले बी पंधरवडाभर तसेच राहिले तर बिघडत नाही. बिघडते ते १०-१५ मिमीच्या एखाद्या वळवाने मोड येऊन पुढे उन्हात करपले म्हणजे. तिथे आठवड्याने एकदा चार ठिकाणी माती उकरून बी कोरडे आहे की मोडावले आहे एवढे पाहावे, आणि विहिरीच्या पाण्यावर गावाने मिळून थोडा तरवा लवकर येणाऱ्या वाणाचा टाकून ठेवावा, म्हणजे विरळ रानात नांग्या भरता येतात किंवा सरळ रोप लागण करता येते.

काकांकडे उद्या जाल तेव्हा पहार, टेप आणि गोणपाट घेऊन जा. तीन खड्डे घ्या, मुरमाची खोली लिहून घ्या आणि माझ्या ९०, ४५ आणि ३० सेंमीच्या जागी तुमचे आकडे घालून तारखा पुन्हा काढा. माळ ३० ऐवजी २० सेंमीच निघाला, तर साठा २४ मिमी, त्यातला निम्मा १२ मिमी, म्हणजे तीनच दिवसांची सोय राहील आणि तारीख १२ जुलै होईल. त्या तारखा काकांच्या घरातल्या कॅलेंडरवर त्यांच्यासमोरच लिहा : माळाखाली १२ किंवा १३ जुलै, मध्यमखाली वाण बदलण्यासाठी ७ जुलै आणि सोयाबीन सोडण्यासाठी १५ जुलै, काळीखाली पुराची खूण विचारल्याशिवाय काहीच लिहू नका.